सात जणांच्या ऑफिससाठी टीम्स: ताईंना मेसेज लिहिण्याआधी आणि लिहिताना

प्रश्न: "फोंड्यात आमचं सात जणांचं आर्किटेक्ट-इंजिनिअरचं ऑफिस आहे. एस्टिमेट एक्सेलमध्ये, पत्रं वर्डमध्ये, बाकी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि पेनड्राइव्हवर. फायली एका जागी आणि ऑफिसचं बोलणं एका जागी व्हावं म्हणून काहीतरी घेऊया, असा मेसेज ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंना पाठवायचाय. गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो की स्लॅक? आणि त्यांना पटेल असं लिहू कसं?"

तुमच्यासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या आणि ऑफिसचं बोलणं त्यातल्या टीम्सवर आणा. तुमची एस्टिमेटं एक्सेलमध्ये आहेत, हे त्याचं मुख्य कारण. पीडब्ल्यूडीच्या दरसूचीवर बांधलेले, एका शीटमधून दुसऱ्यात आकडे ओढणारे तक्ते गूगल शीट्समध्ये नेले की कुठेतरी फॉर्म्युला अडतो, कुठे छपाईची पानं बिघडतात, आणि मग दोन दिवसांत सगळे परत आपापल्या एक्सेलवर. हेच ऑफिस गेस्टहाउसच्या बुकिंगचं असतं, साधे तक्ते आणि दिवसभर मेल, तर मी डोळे मिटून गूगल म्हटलं असतं. म्हणजे हे उत्तर तुमच्या कामावरून दिलेलं आहे. गूगल वाईट आणि मायक्रोसॉफ्ट चांगलं असा त्याचा अर्थ नाही.

लहान ऑफिसांची संगणकाची घडी बसवून देणं हा माझा धंदा. लोक विचारतात ॲप कुठलं, पण मी आधी विचारतो की फाइल कुणाच्या नावावर आहे. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. जमिनीचं काम आलं की कुंपण कुणी घातलंय आणि नारळ कोण पाडतो ते तुम्ही नंतर बघता, आधी एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कुणाचं ते बघता. फायलींचंही तसंच. सगळ्यांना दिसणारी, सगळ्यांना बदलता येणारी फाइल ऑफिसची असेलच असं नाही. ती एखाद्या मुलाच्या खात्यावर असू शकते, आणि तो मुलगा पुढच्या महिन्यात दुबईला जाऊ शकतो.

व्हॉट्सॲपवर तर फाइल कुणाचीच नसते. बांदोड्याच्या एका बंगल्याचं एस्टिमेट घ्या. एकाने ते ग्रुपवर टाकलं, तिघांनी उतरवून घेतलं. त्या क्षणी त्याच्या चार वेगळ्या फायली झाल्या. एकाने सळईचा दर बदलला, दुसऱ्याने छज्जाचं माप दुरुस्त केलं, आणि दोघांनीही आपापली फाइल final नावाने परत टाकली. आता दोन्ही दुरुस्त्या असलेली फाइल जगात कुठेच नाही. ग्राहकाला जी जाईल तिच्यात एक चूक नक्की आहे, आणि कुठली ते शोधायला कुणीतरी दोन तक्ते शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडून बघायला हवी. ताईंना तुम्ही दाखवायचं असेल तर हेच दाखवा. अशी जोडी तुमच्या ग्रुपवर नक्की सापडेल.

आता टीम्समध्ये काय होतं ते नीट सांगतो, कारण फसगत इथेच होते. टीम्समध्ये फाइल टाकायच्या दोन जागा आहेत आणि पडद्यावर त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. एक म्हणजे चॅनेल, समजा "बांदोडा बंगला" नावाचं. तिथे टाकलेली फाइल ऑफिसच्या सामायिक साठ्यात, त्या चॅनेलच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. ती ऑफिसची. दुसरी म्हणजे दोघांची किंवा चौघांची खासगी चॅट. तिथे फाइल टाकली की ती पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, Microsoft Teams Chat Files नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि समोरच्याला फक्त ती तिथून उघडायची मुभा मिळते. समोरच्याला वाटतं फाइल आपल्याकडे आली. प्रत्यक्षात ती पाठवणाऱ्याच्या नावावरच आहे. तो माणूस नोकरी सोडून गेला, तुम्ही त्याचं खातं काढून टाकलंत, की नेहमीच्या सेटिंगप्रमाणे त्याचं वनड्राइव्ह ३० दिवस राहतं आणि मग जातं. त्या चॅटमधली लिंक तेव्हा उघडणार नाही, आणि हे लक्षात येतं ते वर्षभराने, पंचायतीत जुना कागद मागितल्यावर.

म्हणून माझ्याकडे नियम एकच असतो: कामाची फाइल चॅनेलमध्ये, चॅटमध्ये फक्त बोलणं. चॅटमध्ये फाइल दाखवायची वेळ आली तर चॅनेलमधल्या फाइलची लिंक टाकायची. तुमच्या ऑफिससाठी एकच टीम करा, आत प्रत्येक साइटचं एक चॅनेल आणि वर एक "ऑफिस" नावाचं, रजा, वीजबिल, प्लॉटरची शाई वगैरेंसाठी. प्रत्येक साइटला वेगळी टीम काढायचा मोह होतो, पण मग नवीन माणूस आला की त्याला दहा ठिकाणी जोडावं लागतं आणि दोन ठिकाणी राहूनच जातं.

चॅनेलमध्ये बोलतानाही एक सवय लावावी लागते. ज्या पोस्टबद्दल बोलायचं तिच्याखालीच Reply करायचं. व्हॉट्सॲपची सवय असलेला माणूस प्रत्येक वाक्य नवीन पोस्ट म्हणून टाकतो आणि आठवड्याभरात चॅनेलची अवस्था ग्रुपसारखीच होते. खिडकीचा प्रश्न एकीकडे, त्याचं उत्तर चार पोस्ट खाली, मध्ये कुणाचा तरी अंगठा.

एस्टिमेट करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कुणीच सांगत नाही. नवीन एस्टिमेट कुणी कोऱ्या पानावर सुरू करत नाही. मागच्या बंगल्याचं उघडायचं, मापं बदलायची आणि शेवटी Save As करून नवं नाव द्यायचं, ही सगळ्यांचीच रीत. सामायिक साठ्यातली फाइल एक्सेलमध्ये उघडली की AutoSave आपोआप चालू असतं. म्हणजे तुम्ही शिरोड्याची मापं टाइप करत असता तेव्हा बांदोड्याचं जुनं एस्टिमेट तिथल्या तिथे पुसलं जात असतं. शेवटी नवं नाव द्यायला जाल तोवर मूळ फाइल गेलेली. म्हणून क्रम उलटा करायचा: आधी File मधून Save a Copy, नवं नाव, नव्या साइटचं फोल्डर, आणि मगच पहिला आकडा. तरीही चुकून झालंच तर घाबरायचं कारण नाही. File, Info, Version History इथे आधीच्या आवृत्त्या वेळेसकट दिसतात, कालची निवडून परत आणता येते. पुसलेली फाइलसुद्धा सामायिक साठ्याच्या रीसायकल बिनमध्ये ९३ दिवस मिळते. पेनड्राइव्हवर यातलं काहीच नाही.

दोघांनी एकाच वेळी एका फाइलमध्ये काम करायचं तर तीन अटी पाळाव्या लागतात. फाइल .xlsx किंवा .xlsm अशी नव्या प्रकारची असावी, जुनी .xls नको. तिला उघडण्याचा पासवर्ड नसावा. आणि एक्सेल एकतर ब्राउझरमधलं असावं किंवा सदस्यत्वाचं ताजं असावं. कुणाच्या संगणकावर जुनं, एकदाच विकत घेतलेलं एक्सेल असेल आणि त्याने फाइल उघडली, तर बाकीच्यांना फाइल लॉक असल्याचं दिसतं. मग "टीम्स चालत नाही" अशी तक्रार येते. टीम्स चालत असतं, कोपऱ्यातल्या टेबलावरचं जुनं एक्सेल अडवत असतं.

यावरूनच प्लॅन ठरतो. बिझनेस बेसिकमध्ये वर्ड-एक्सेल फक्त ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतं, बिझनेस स्टँडर्डमध्ये ते संगणकावर बसवता येतं. सातही जणांना महागाचा प्लॅन घ्यायची गरज नाही, एकाच ऑफिसात दोन्ही मिसळता येतात. एस्टिमेट करणारे, पत्रव्यवहार बघणारे आणि ताई यांना स्टँडर्ड, साइटवर असणाऱ्यांना बेसिक. मॅक्रो लावलेले तक्ते असतील तर ते ब्राउझरमध्ये चालत नाहीत, म्हणून ते वापरणारा माणूस स्टँडर्डवरच हवा. भाव विचारताना चार गोष्टी विचारून घ्या: माणशी महिन्याचा दर किती, वर्षभराची बांधिलकी आहे की महिन्याची, जीएसटी धरून की सोडून, आणि टीम्स आत आहे की नाही. शेवटचं यासाठी की त्याच नावाचा टीम्स नसलेला प्लॅनही विकला जातो, आणि स्वस्त दिसतो म्हणून तोच गळ्यात पडतो.

घेताना खातं ऑफिसच्या नावावर उघडा आणि ॲडमिन दोघांना करा, एक ताई आणि एक मालक. ऑफिसच्या नावाचं डोमेन असेल तर ते कुणाच्या ईमेलवर नोंदवलंय तेही बघा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या जीमेलवर नोंदलेली डोमेनं मी गोव्यात बरीच पाहिलीत. तो मुलगा फोन उचलतोय तोवर सगळं ठीक असतं.

बाकीच्या तिघांबद्दल थोडक्यात. गूगलवर घोळ नेमका याच ठिकाणी होतो: कुणीतरी आपल्या ड्राइव्हमध्ये फोल्डर करून सगळ्यांना शेअर करतो, पण आतली प्रत्येक फाइल ती बनवणाऱ्याच्या नावावर राहते. फोल्डर एकाचं, फायली सात जणांच्या. ऑफिसच्या नावावर फायली हव्यात तर शेअर्ड ड्राइव्ह लागते, आणि ती आपल्या प्लॅनमध्ये आहे का हे घेण्याआधी विचारावं लागतं. फुकटच्या जीमेलवर तर विषयच नाही. तिथे १५ जीबीत मेल, फोटो आणि फायली सगळं बसवायचं, आणि खातं शेवटी माणसाचं. झोहो चेन्नईची कंपनी, त्यांच्या वर्कड्राइव्हमध्ये टीम फोल्डर आहेत आणि क्लिक नावाचं चॅट आहे. पैशांची तंगी असेल तर मी ते सुचवतो, पण एक्सेलची अडचण तिथेही तीच. स्लॅक बोलण्यासाठी या सगळ्यांत छान आहे. मात्र फुकटच्या प्लॅनमध्ये मागचे ९० दिवसच दिसतात आणि वर्षापेक्षा जुनं काढून टाकलं जातं. सनदेपासून ऑक्युपन्सीपर्यंत तुमची एक फाइल किती वर्षं चालते ते तुम्हीच जाणता. शिवाय स्लॅक घेतलं तरी कागदपत्रांसाठी दुसरं काहीतरी घ्यावंच लागतं.

ताईंना खरं तेच सांगा: ऑटोकॅडची चालू ड्रॉइंगं यात टाकू नका. ऑटोकॅड फाइल उघडली की शेजारी .dwl नावाची छोटी फाइल करून ठेवतं, ज्यावरून दुसऱ्याला कळतं की ड्रॉइंग उघडलेलं आहे. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या एका संगणकावर हे व्यवस्थित चालतं. वनड्राइव्हच्या सिंकमधून मात्र ती खूण वेळेवर पोचेलच असं नाही. दोघं एकच ड्रॉइंग उघडतात, दोघं सेव्ह करतात, आणि फोल्डरमध्ये एक जास्तीची फाइल उगवते जिच्या नावाला संगणकाचं नाव चिकटलेलं असतं. अशी फाइल दिसली की समजायचं, टक्कर झालीय. त्यामुळे चालू ड्रॉइंग आहे तिथेच, ऑफिसच्या एका संगणकावर, आणि बाहेर गेलेलं प्रत्येक ड्रॉइंग, म्हणजे R0, R1 असं नंबर टाकलेलं पीडीएफ आणि त्याचं डीडब्ल्यूजी, चॅनेलमध्ये. साइटवरच्या सुपरवायझरला फोनवर तेवढंच लागतं.

मराठी पत्रांचंही एक आहे. पंचायतीला जाणारी तुमची जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे, आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये, ती अगम्य चिन्हांसारखी दिसतील. फाइल खराब झालेली नसते. एखादं जुनं पत्र उघडून त्यातला "पंचायत" शब्द युनिकोडमध्ये टाइप करून शोधा. सापडला नाही तर पत्र जुन्या फॉन्टमधलं. सगळी जुनी पत्रं बदलत बसू नका, ज्या चार-पाच नमुन्यांवरून तुम्ही रोज पत्रं काढता तेवढी युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या.

आता मेसेज. ताई ऑफिस सांभाळतात म्हणजे त्यांना तीन प्रश्न पडणार: खर्च किती, शिकवायचं कुणी, आणि आत्ता चालतंय ते बंद पडणार नाही ना. मेसेजमध्ये याच तिन्ही प्रश्नांची उत्तरं द्या. चार ॲपची तुलना पाठवू नका, तुलना पाठवली की निर्णय त्यांच्या टेबलावर जाऊन पडतो आणि चवथ झाल्यावर बघू म्हणून तिथेच राहतो. मी असा लिहीन:

"ताई, बांदोड्याच्या एस्टिमेटच्या दोन फायली ग्रुपवर आहेत, दोन्हींना final नाव आहे आणि दोन्हींत आकडे वेगळे आहेत. सोबत फोटो टाकलाय. हे टाळायला ऑफिसच्या नावावर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यावं असं मला वाटतं. एस्टिमेट आणि पत्रं आहेत तशीच एक्सेल-वर्डमध्ये राहतील, फक्त प्रत्येकाची एकच फाइल असेल आणि ती ऑफिसच्या नावावर असेल. कुणी सोडून गेलं तरी आपल्याकडेच राहील. आपसातलं कामाचं बोलणं टीम्सवर, साइटप्रमाणे. ग्राहक, मेस्त्री आणि कंत्राटदार यांच्याशी व्हॉट्सॲप आहे तसंच चालू राहील. ऑटोकॅडला हात लावायचा नाही. तिघांना मोठा प्लॅन आणि चौघांना छोटा असा महिन्याचा खर्च काढून जीएसटीसकट दर सोबत दिलाय. सगळ्या साइट एकदम नकोत. नवीन आलेल्या शिरोड्याच्या कामापासून सुरू करू, जुनी कामं आहेत तशीच संपवू. सगळ्यांना दाखवायचं काम माझ्याकडे, शनिवारी जेवणानंतर तासभर द्या. महिन्याने जमत नाही असं वाटलं तर फायली उतरवून घेऊन परत जुन्या पद्धतीवर येता येईल. महिन्याच्या बांधिलकीने घेऊ म्हणजे वर्षाचे पैसे अडकणार नाहीत. चालेल का?"

यात व्हॉट्सॲप चालू राहील हे वाक्य गाळू नका. मेस्त्रीला टीम्सवर आणायचा प्रयत्न केला की सगळं फसतं. मात्र त्याबरोबर एक काम ठरवून द्यावं लागतं: ग्राहकाने व्हॉट्सॲपवर सनदेची प्रत किंवा बदलाची मागणी पाठवली की ज्याच्या फोनवर आली त्याने त्याच दिवशी ती चॅनेलमध्ये टाकायची. तोंडी बदल असेल तर दोन ओळी लिहायच्या, "मागची खिडकी चार फुटांची करायला सांगितली, फोनवर, आज". भांडण नंतर बहुधा अशा खिडकीवरूनच होतं. आणि नवीन साइटपासून सुरुवात याला कारण आहे. जुन्या साइटच्या फायली हलवायला घेतल्या की कुठली खरी हे ठरवण्यातच महिना जातो.

पावसाळ्याचं तेवढं आधी बघून घ्या. नेट गेलं की ब्राउझरमधलं सगळं थांबतं. ज्या दोन-तीन संगणकांवर रोजचं काम आहे तिथे चालू साइटचं फोल्डर सिंक करून त्यावर राइट-क्लिक करून Always keep on this device करा, म्हणजे नेट नसतानाही फाइल उघडते आणि नेट आल्यावर बदल वर जातात. फक्त त्या वेळात एकाच फाइलवर दोघांनी बसू नये, ओरडून सांगण्याइतकं ऑफिस लहान आहे. राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण अर्ध्या वेळा नेट गेलेलं नसतं, राउटरची वीज गेलेली असते.

महिन्याने जमलंय का हे बघायला टीम्समधले आकडे काढत बसू नका. व्हॉट्सॲप ग्रुप उघडून "लेटेस्ट पाठव" असं शोधा. शिरोड्याच्या कामासाठी ते अजून येत असेल तर कुणीतरी चॅनेल सोडून चॅटमध्ये फायली टाकतंय, आणि बहुतेक वेळा तो ऑफिसातला सगळ्यात वरचा माणूस असतो. त्याला ग्रुपवर सांगू नका. ताईंना सांगा, त्या बरोबर सांगतील.

ताई म्हणाल्या की आपल्या सगळ्यांचं जीमेल आहे, गूगलच घेऊ, तर वाद घालू नका. शेअर्ड ड्राइव्ह असलेला प्लॅन घ्या, एक्सेलच्या फायली शीट्समध्ये न बदलता .xlsx म्हणूनच ठेवा, आणि साइटप्रमाणे गूगल चॅटमध्ये स्पेस करा. वरचं जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं. एस्टिमेट करणाऱ्याची थोडी कुरकुर होईल, तेवढी ऐकून घ्या.